अकरा तक्रारींच्या तीन झाल्या

“घराचं काम चालू आहे. कंत्राटदार तिसरा हप्ता मागतोय, एक लाख वीस हजार. काम अर्धवट आहे म्हणून मी दिलेला नाही. पण हे त्याला नीट लिहिताच येत नाही. लिहायला बसले की एक तर भांडण होतं, नाहीतर शेवटी मीच माफी मागून मोकळी होते. पैसे अडवले आणि तो काम टाकून गेला तर? देऊन टाकू का?”

आपला त्रास सांगायला माझ्याकडे येणाऱ्या एका ताईंचं हे बोलणं. त्या शाळेत शिकवतात. (त्यांची परवानगी घेऊन, ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे.) त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. रात्री पावणेबाराला लिहिलेला, न पाठवलेला मेसेज होता: ‘तुम्ही आमच्या चांगुलपणाचा फायदा घेताय. कधीच वेळेवर काम केलं नाहीत. बाथरूम तर एकदम बेकार केलंय. आता एक रुपयाही मिळणार नाही. राग मानू नका, पण मला खूप मनस्ताप होतोय.’

मी तो कागदावर उतरवून घेतला आणि त्यांना दोन पेनं दिली. त्या घरात कॅमेरा लावला असता तर त्यात जे दिसलं असतं त्याखाली निळी रेघ, बाकी सगळ्याखाली लाल. सगळा कागद लाल झाला. ताई स्वतःच हसल्या. “मुलांच्या निबंधांवरसुद्धा एवढं लाल करत नाही हो मी!”

त्यांचा राग खोटा नव्हता. पण या मेसेजला उत्तर काय येईल ते आम्ही दोघींनी बोलून पाहिलं. ‘बेकार’वर तो म्हणणार, काय बेकार आहे ते दाखवा. ‘कधीच’वर तो एकदा वेळेवर केलेलं काम काढणार आणि तेवढ्यावर वाद जिंकणार. ‘एक रुपयाही नाही’ हे तर ताईंच्या मनातही नव्हतं, ती नुसती धमकी होती. आणि ‘राग मानू नका’ने वरचं सगळं पुसून टाकलं होतं. त्यात एक गोष्ट कुठेच नव्हती: नेमकं काय झालं की पैसे मिळतील. पैसे अडकलेल्या माणसाला नेमकं तेच हवं असतं.

शब्द सुधारण्याआधी मी त्यांना साइटवर पाठवलं. सोबत कोटेशन, मेजरिंग टेप आणि एक रुपयाचं नाणं. घरी त्यांनी तक्रारींची यादी केली होती, ती अकरा मुद्द्यांची होती. म्हटलं, प्रत्येक मुद्दा कोटेशनमधल्या तिसऱ्या हप्त्याच्या ओळीशी ताडून बघा. ती ओळ अशी होती: ‘दोन्ही बाथरूमचे वॉटरप्रूफिंग, पाणी भरून चाचणी, भिंतीला ७ फुटांपर्यंत व जमिनीला टाइल्स पूर्ण झाल्यावर.’

पुढच्या आठवड्यात ताई आल्या तेव्हा यादीत तीनच मुद्दे उरले होते. ओट्याचा ग्रॅनाइट, खिडक्या, रंग हे पुढच्या हप्त्यांतले होते. आणि उशिराच्या तक्रारीबद्दल त्या जरा खाली बघत म्हणाल्या, “त्यातले पाच दिवस माझेच आहेत. टाइल्सचा रंग मी बदलला होता.” हे त्यांना घरी बसून आठवलं नसतं. मेसेज वस्तुनिष्ठ करायचा म्हणजे गोड शब्द शोधायचे असं अनेकांना वाटतं. माझा अनुभव असा की त्यातलं निम्मं काम टेप घेऊन वाकण्याचं असतं.

उरलेले तीन मुद्दे असे. मास्टर बाथरूमच्या भिंतीला टाइल्स ५ फुटांपर्यंतच होत्या. कॉमन बाथरूममध्ये दाराजवळच्या चार टाइल्सवर नाणं वाजवलं की इतर ठिकाणी येतो तसा ‘टक्’ न येता ‘ठप्’ असा पोकळ आवाज येत होता, म्हणजे खाली माल नीट भरलेला नव्हता. आणि तिसरा सगळ्यात महत्त्वाचा: मास्टरमध्ये वॉटरप्रूफिंगचा थर दिला होता, पण पाणी भरून बघितलंच नव्हतं. ताईंचे दीर साइट सुपरवायझर आहेत, त्यांनी त्यांना समजावलं होतं की ही चाचणी जमिनीच्या टाइल्स बसवण्याआधीच घ्यायची. नहाणी ट्रॅप बंद करायचा, दोनेक इंच पाणी भरायचं, भिंतीवर पेन्सिलीने पातळीची खूण करायची आणि ४८ तास थांबायचं. नंतर गळती निघाली तर नव्या टाइल्स फोडाव्या लागतात. खालच्या मजल्यावरच्यांच्या छताला ओल येईल ही ताईंची खरी धास्ती होती, आणि पहिल्या मेसेजमध्ये तिचा उल्लेखही नव्हता.

पूर्ण हप्ता अडवायचा का, यावर आम्ही बराच वेळ बोललो. कोटेशनप्रमाणे त्यांना तसा हक्क होता. पण छोट्या कंत्राटदाराची मिस्त्री-मजुरांची शनिवारची मजुरी बहुतेक अशा हप्त्यातूनच जाते, आणि कॉमन बाथरूम जवळजवळ झालेलं होतं. ताईंनीच ठरवलं, पन्नास हजार आधी द्यायचे. मी एवढंच म्हटलं की ते ‘आगाऊ’ आहेत असं स्पष्ट लिहा, नाहीतर टप्पा पूर्ण झाला असं तुम्ही मान्य केल्यासारखं दिसेल. शेवटी गेलेला मेसेज हा:

‘नमस्कार दादा. कॉमन बाथरूमची चाचणी आणि टाइल्स झाल्या, ते काल पाहिलं. कोटेशनप्रमाणे तिसरा हप्ता (१,२०,००० रु.) दोन्ही बाथरूम पूर्ण झाल्यावर आहे. काल पाहिल्याप्रमाणे हे बाकी आहे:
१. मास्टर: पाणी भरून ४८ तासांची चाचणी. ती होईपर्यंत जमिनीच्या टाइल्स बसवू नयेत.
२. मास्टर: भिंतीच्या टाइल्स ५ फुटांपर्यंत आहेत, ७ फुटांपर्यंत ठरल्या आहेत. जमिनीच्या टाइल्स बाकी आहेत.
३. कॉमन: दाराजवळच्या ४ टाइल्स पोकळ वाजतात, खडूने खूण केली आहे. काढून पुन्हा बसवाव्यात.
फोटो सोबत आहेत. आज ५०,००० रु. आगाऊ पाठवते. उरलेले ७०,००० रु. वरचं काम झाल्यावर, एकत्र पाहणी करून त्याच दिवशी देईन. माझ्याकडून टाइल्स बदलण्यात ५ दिवस गेले, ते मी धरले आहेत. चाचणी कधी सुरू करता, ते शुक्रवारपर्यंत कळवाल का?’

पाच दिवसांचं वाक्य काढू का, असं ताईंनी दोनदा विचारलं. ते असू द्या असं माझं मत होतं; उशिराचा वाद त्याने उघडायच्या आधीच तुम्ही तो मिटवता. ‘मला त्रास होतोय’ हे वाक्य मात्र त्यांनी स्वतःच गाळलं. त्रास सांगायला त्या माझ्याकडे येत होत्या, कंत्राटदाराला तो सांगून काही होणार नव्हतं.

तो काम टाकून जाणार नाही, याची हमी मी दिली नव्हती. उत्तरच आलं नसतं, तर पुढची पायरी वकिलाची होती आणि हाच मेसेज, फोटो आणि कोटेशन घेऊन त्यांना तिथे जाता आलं असतं.

दीड दिवस मेसेज वाचल्याच्या नुसत्या निळ्या खुणा दिसत होत्या. ते छत्तीस तास कसे काढायचे, यावर आमची एक वेगळी बैठक झाली. दुसरा मेसेज न पाठवणं हे त्यांना पहिला लिहिण्यापेक्षा जड गेलं. मग त्याचा फोन आला. टाइल्सवाला मिस्त्री गावी गेला होता, रविवारी येणार होता. चाचणी तो शनिवारीच सुरू करतो म्हणाला.

सोमवारी पाणी पेन्सिलीच्या खुणेच्या दीड सेंटिमीटर खाली गेलेलं होतं. नहाणी ट्रॅपच्या पाइपभोवती फट राहिली होती, ती त्यानेच शोधून बुजवली आणि पुन्हा पाणी भरलं. दुसऱ्या खेपेला खूण आणि पाणी जुळले. टाइल्स बसल्या, पाहणी झाली, त्याच संध्याकाळी ताईंनी सत्तर हजार पाठवले. उत्तर आलं: ‘मिळाले ताई. ओट्याचा ग्रॅनाइट गुरुवारी येतोय, रंग एकदा बघून घ्या, मग बदलू नका.’