फोटोतला तो चित्ता की बिबट्या?

प्रश्न: ग्रुपवर आलेल्या एका फोटोखाली कोणी 'चित्ता' लिहिलंय, कोणी 'बिबट्या'. प्राणी फांदीवर पाय लोंबकळत सोडून बसलाय, पायांवर भरीव काळे ठिपके आहेत. नक्की कोणता शब्द बरोबर?

बिबट्या. दोन्ही वेगवेगळे प्राणी आहेत, त्यामुळे 'दोन्ही चालेल' असं नाही.

तुमचा घोळ पायांमुळे झालाय. बिबट्याचे पाय, डोकं, मान आणि पोट इथले ठिपके भरीवच असतात, तेवढंच बघितलं तर कोणालाही चित्ता वाटेल. म्हणून नजर आधी पाठीवर आणि बरगड्यांवर न्यायची. तिथे बिबट्याला तुटक काळ्या डागांची कडी दिसतात, मधे पोकळी आणि त्या पोकळीतला रंग आजूबाजूच्या कातडीपेक्षा जरा गडद. याला रोझेट म्हणतात. चित्त्याला मात्र सगळीकडे सुटे, भरीव, गोलसर ठिपके, शाईत बोट बुडवून उमटवल्यासारखे. फक्त एक काळजी घ्या, फोटो लांबून काढलेला किंवा फॉरवर्ड होऊन होऊन फुटलेला असेल तर रोझेटमधली पोकळी बुजते आणि तीही भरीव दिसायला लागते, अशा वेळी ठिपक्यांवर फार विसंबू नये.

मग चेहरा बघायचा. चित्त्याच्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून एक ठळक काळी रेघ निघते आणि नाकाच्या बाजूने थेट तोंडाच्या कोपऱ्यापर्यंत उतरते. बिबट्यालाही डोळ्याच्या कोपऱ्यात काळपट रंग असतो, पण तो तिथेच संपतो, तोंडापर्यंत जात नाही. नुसती 'डोळ्याजवळ काळं दिसतंय' म्हणून चित्ता ठरवणारे बरेच आहेत 😀 रेघ कुठपर्यंत पोचते ते बघा.

तुमच्या फोटोत तोंड पलीकडे वळलेलं आहे, म्हणजे रेघेचा पुरावा नाही. पण पाठीवर पोकळ कडी स्पष्ट आहेत, शिवाय बांधा बघा ना, मान जाड, खांदे भरलेले, पाय अंगाच्या मानाने आखूड. चित्ता पळण्यासाठी घडलाय, त्यामुळे डोकं लहान, छाती खोल, पोट एकदम आत गेलेलं आणि पाय लांब काटकुळे. पुढच्या पंजाची नखंही बहुतेक वेळा थोडी बाहेर दिसतात, बिबट्या ती पूर्ण आत घेतो.

फांदीवर बसलाय म्हणून बिबट्या, असंही कोणी सांगेल, पण तिरक्या खोडावर चित्ताही चढतो, तो पुरावा पक्का नाही. शेपटीचं पांढरं टोकही तसंच, चित्त्याला ते असतं खरं, पण बिबट्याची शेपटी टोकाला खालून पांढरी असते आणि ती वर वळवली की फोटोत पांढरंच दिसतं.