ताटात वाढलेलं मोजकंच असेल तर मोबाईल बघत जेवल्याने काय फरक पडतो? आणि हळू जेवायची सवय कशी लावायची?

ताट तेवढंच राहतं, हे बरोबर. फरक साडेचारला कळतो, चहाबरोबर.

हे मी ठामपणे सांगते, कारण माझ्या घरात यावरून सहा वर्षं वाद चालला. मी आहारतज्ज्ञ आहे, बारा वर्षं एका रुग्णालयात काम केलं. बाहेरची माणसं माझं ऐकायची, नवरा ऐकायचा नाही. त्याची साखर काठावर आली, डॉक्टरांनी चार किलो कमी करायला सांगितलं, तेव्हा मी म्हटलं की जेवताना मोबाईल बंद कर. त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर: "ताट तूच वाढतेस, मोजून वाढतेस. मोबाईल बघितल्याने फुलके वाढतात का?" सासूबाईही त्याच्याच बाजूने. मला तेव्हा याला नीट उत्तर देता यायचं नाही, कारण मीसुद्धा सगळं लक्ष ताटावरच ठेवून बसले होते.

मंगळवार ते गुरुवार तो घरून काम करतो. दीडला जेवतो, साडेचारला चहा. चहाबरोबर पातळ पोह्यांचा चिवडा, बरणीतून वाटीत हवा तेवढा. एकदा बरणी लवकर संपली म्हणून माझ्या डोक्यात आलं की मोजायची जागा ही आहे. चार आठवडे मी ते केलं. दुपारचं ताट रोज सारखं: तीन फुलके, वाटीभर भाजी, वाटीभर वरण, अर्धी वाटी भात, कोशिंबीर. एक आठवडा मोबाईलसकट, पुढचा मोबाईलशिवाय, असं आळीपाळीने. म्हणजे दोन्हीकडे सहा-सहा दिवस. चहाच्या आधी आणि नंतर बरणी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायची. मोबाईल कोणत्या आठवड्यात नको ते त्याला माहीत होतं, पण बरणीचं वजन होतंय हे मी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

मोबाईलच्या दिवशी सरासरी ६२ ग्रॅम चिवडा, मोबाईल नसताना ३८. चोवीस ग्रॅमचा फरक म्हणजे साधारण सव्वाशे कॅलरी, दीड फुलक्याएवढ्या. म्हणजे फुलके वाढत होते. फक्त ते बरणीतून येत होते.

चहा झाल्यावर मी सहज विचारायचे, दुपारी भाजी कोणती होती? मोबाईलच्या दिवसांत त्याने दोनदा आदल्या दिवशीची भाजी सांगितली. हे मुद्दाम चहानंतर विचारत होते. चहाच्या आधी दुपारचं जेवण आठवायला लावलं की तेवढ्यानेच नंतरचं खाणं कमी होतं, असं प्रयोगांत दिसलेलं आहे. आधी विचारलं असतं तर माझंच मोजमाप बिघडलं असतं.

पोट भरल्याची जाणीव फक्त पोटातून येत नाही, आठवणीतूनही येते, हे आम्हाला शिकवलंच नव्हतं. १९९८ साली पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृती पार गेलेल्या दोन रुग्णांवरचा अभ्यास छापला. जेवण झाल्यावर दहा ते तीस मिनिटांत त्यांच्यापुढे पुन्हा जेवण ठेवलं, तर ते पुन्हा जेवले. बहुतेक वेळा तिसरं ताटही सुरू केलं. पोट भरलेलंच होतं. जेवल्याची आठवण नव्हती.

आणि ज्यांची स्मृती शाबूत आहे त्यांचं? ब्रिस्टल विद्यापीठात ४४ जणांना नऊ पदार्थांचं तेच जेवण दिलं. निम्मे जेवताना संगणकावर पत्ते खेळत होते. त्यांना पोट कमी भरल्यासारखं वाटलं, पदार्थ कोणत्या क्रमाने खाल्ले ते नीट आठवेना, आणि अर्ध्या तासाने बिस्किटं ठेवली तर त्यांनी दुसऱ्या गटाच्या जवळजवळ दुप्पट खाल्ली. हा निबंध २०११ चा आहे. २०१३ मध्ये अशा २४ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यातही हेच निघालं: लक्ष दुसरीकडे असताना त्या वेळी जास्त खाल्लं जातं, आणि नंतरच्या खाण्यात होणारी वाढ त्याहून मोठी असते. ताट मोजलेलं असेल तर त्यातला पहिला परिणाम तुम्ही रोखता. दुसरा तसाच राहतो, आणि मोठा तोच.

म्हणून जेवताना मोबाईल दुसऱ्या खोलीत. पालथा घालून ताटाशेजारी ठेवणं मला मान्य नाही, पहिल्या आवाजाला हात जातोच. जेवताना माणसांशी बोलणं वेगळं. त्यानेही लक्ष वळतं, पण निदान ताटातल्या आमटीवर कोणीतरी काही बोलतं आणि ती लक्षात राहते.

आता हळू जेवण्याबद्दल. बत्तीस वेळा चावा असं मीही पेशंटना सांगत आले आणि ते चुकीचं होतं असं आज म्हणते. मोजत कोणी आठवडाभरसुद्धा जेवत नाही, आणि आमटी-भातात बत्तीस वेळा चावण्यासारखं असतं काय? वेग बराचसा पदार्थ ठरवतो. वरणात कालवलेला मऊ भात दोन-तीन वेळा तोंड हललं की खाली जातो. ज्वारीची भाकरी, सोबत काकडी, मुळा, कच्चा कांदा असेल तर वेग आपोआप उतरतो. त्यामुळे भाकरी-भाजी आधी, भात शेवटी. आणि तोंडातला घास गिळेपर्यंत हाताने पुढचा घास कालवायचा नाही. एवढं जमलं तरी पुष्कळ.

पण तुमचं ताट खरंच मोजकं असेल तर वेगाने फार फरक पडणार नाही. हळू जेवणारा कमी खातो तो त्या बैठकीत, दुसऱ्यांदा वाढून घ्यायच्या आत तृप्ती जाणवते म्हणून. पुढच्या काही तासांतली भूक त्याने ठळकपणे कमी होते असं दिसलेलं नाही. लग्नाच्या पंगतीत, बुफेत, सणाच्या जेवणात हळू जेवा, तिथे त्याचा उपयोग आहे.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती: वजन यानेच उतरेल असं समजू नका. ब्रिटनमध्ये १०७ जणांवर आठ आठवड्यांचा प्रयोग झाला, मन लावून जेवायची आठवण मोबाईलवरच्या ॲपने करून द्यायची. वजनात दोन गटांत फरक पडला नाही. २०१९ मध्ये तो छापून आला. शिवाय ज्यांना खाण्याबद्दल सतत अपराधी वाटतं त्यांनी हे बरणी मोजण्याचं काम करू नये.

नवरा आकडे बघून म्हणाला, सहा-सहा दिवस म्हणजे काही पुरावा नव्हे. त्याचं म्हणणं रास्त आहे, एका माणसावरून सगळ्यांचं ठरत नाही. पण "ताट तूच वाढतेस" हे वाक्य त्यानंतर त्याने काढलेलं नाही, आणि चिवडा आता बरणीतून थेट येत नाही, मी वाटीत काढून देते. तुम्हाला माझं पटत नसेल तर घरातली फरसाणाची बरणी काट्यावर ठेवून बघा. फक्त ज्याचं मोजताय त्याला सांगू नका.