३८ चा कोट जर्मनीत ४८ कसा होतो?

"मी सांगलीचा. ऑक्टोबरमध्ये शिकायला जर्मनीला निघालोय. इथं कोट ३८, शर्ट ४०, जीन्स ३२. मुलाखतीसाठी कोट तिकडंच घ्यावा म्हणतो. साइज काय मागू?"

तुझ्याच मापाच्या एका मिरजेच्या पोराचं ऐक. उंची साडेपाच फूट, म्हणजे १६८ सेंटीमीटर. दुकानात तो ३८ शोधत फिरला आणि शेवटी ३८ सापडला तो बायकांच्या विभागात. तिथं तो बायकांचा मध्यम साइज असतो. पुरुषांकडं ४४, ४६, ४८, ५०. एवढा मोठा आकडा आपला कसा असेल, म्हणून त्यानं ४४ उचलला. ट्रायल रूममध्ये छातीवर बटण लागेना.

आपला ३८ म्हणजे छातीचे इंच. त्यांचा आकडा म्हणजे सेंटीमीटरमधल्या छातीचा निम्मा. ३८ इंच म्हणजे साधारण ९६ सेंटीमीटर, त्याचा निम्मा ४८. घाईत असशील तर आपल्या आकड्यात १० मिळव.

मग त्यानं ४८ घातला. छाती, खांदे बरोबर, पण बाही अंगठ्याच्या पेरापर्यंत आली आणि कमरेचं बटण पोटाखाली गेलं. बाही कापून घेऊ, असं त्याला वाटलं. इथंच फसायला होतं. बाही कमी करता येते, पण कमरेची जागा आणि खिसे वर सरकवता येत नाहीत. विक्रेत्यानं २४ आणून दिला. पोराला वाटलं, हा लहान मुलांचा! तर तसं नाही. बुटक्या बांध्याच्या साइजला तिथं मूळ आकड्याचा निम्मा आकडा देतात. छाती ४८ चीच, फक्त बाही, कंबर, उंची सगळं प्रमाणात आखूड. तो अंगाला बसला. उंच, सडपातळ माणसांचे आकडे उलट ९४, ९८ असे असतात. ९८ बघून पळू नकोस आणि चुकून उचलूही नकोस.

शर्टाची भानगड नाही. आपला ४० म्हणजे कॉलरचे सेंटीमीटर, तिथंही तेच. फक्त ३९/४० असं जोडीनं छापतात. जीन्सही इंचातच, पण दोन आकडे असतात: पहिला कमरेचा, दुसरा आतल्या शिवणीचा. कोटाबरोबरची पँट मात्र कोटाच्याच आकड्यात येते, म्हणून ३२ मागू नकोस.

जायच्या आधी हरभट रोडवरच्या शिंप्याकडून छाती, कंबर, आतली शिवण सेंटीमीटरमध्ये लिहून घे. छाती बनियनवर मोजायला सांग. शर्टावर टेप धरला की दोन-तीन सेंटीमीटर वाढतात आणि एक साइज चुकतो.

आणि नीट घालून बघूनच पैसे दे. दुकानात घेतलेला माल फक्त बसत नाही म्हणून परत घ्यायची दुकानदारावर कायद्यानं सक्ती नाही. तो घेतो तो त्याच्या मर्जीनं, तेही पावती आणि लेबल शाबूत असेल तर. ऑनलाइन घेतलंस तर मात्र १४ दिवसांत परत करायचा हक्क असतो.