चार्ज देताना

सप्रेम नमस्कार,

सोमवारी तू आपल्या सोसायटीच्या मॅनेजरचा चार्ज घेशील. कामं, संपर्क, अर्धवट राहिलेली प्रकरणं आणि जपून राहायच्या जागा अशी चार भागांची यादी पिवळ्या फाइलला लावून ठेवली आहे. ती सेक्रेटरींच्या सहीने गेली, म्हणून तिची भाषा जरा कोरडी आहे. त्या यादीत जे लिहिता आलं नाही, ते इथे लिहितो.

रोजच्या कामांबद्दल फार सांगत नाही. बिलं काढणं, पावत्या फाडणं, वॉचमनची हजेरी हे तू आठवडाभरात शिकशील. तारखांची कामं मात्र वेगळी असतात. वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, आपली 28 ला ठरली आहे. नोटीस पूर्ण 14 दिवस आधी द्यायची, म्हणजे नोटिशीचा दिवस आणि सभेचा दिवस दोन्ही सोडून मधले 14. मागे मोजत आलीस तर 13 तारखेला नोटीस सगळ्यांच्या हातात आणि फलकावर हवी. एक दिवस जरी उशीर झाला तरी सी विंगमधले एक काका पहिला मुद्दा तोच काढतील, आणि तो बरोबर असेल. आगीच्या यंत्रणेचा ‘फॉर्म बी’ जानेवारी आणि जुलैत जातो, जुलैचा गेला आहे. तो देणारी एजन्सी स्वतःहून फोन करत नाही, तूच डिसेंबरमध्ये कर.

संपर्कांच्या यादीत नंबर आहेत, पण कोणाला कधी फोन करायचा नाही हेही ठाऊक असायला हवं. उदाहरण पाण्याचंच घे. सकाळी पाणी कमी आलं की सगळे सभासद म्हणतात, ‘पालिकेच्या चावीवाल्याला फोन लाव.’ आधी शेजारच्या दोन बिल्डिंगच्या वॉचमनला विचार. त्यांच्याकडेही पाणी नसेल तर दोष पालिकेच्या लाइनचा आहे, मग टी वॉर्डच्या पाणी खात्यात तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक फलकावर लाव. त्यांच्याकडे नेहमीसारखं येत असेल आणि फक्त आपल्याकडे बारीक धार असेल, तर बहुतेक मीटरच्या आधीच्या जाळीत कचरा अडकलेला असतो. मुख्य लाइनचं काम होऊन पाणी पुन्हा सुरू झालं की हे हमखास होतं. तिथे परवानाधारक प्लंबरच बोलव, कोणालाही मीटरला हात लावू देऊ नकोस. चावीवाल्याला विनाकारण तीनदा फोन केलास तर चौथ्यांदा तो उचलणार नाही.

आणि पंप. खालच्या टाकीच्या आतल्या भिंतीवर मी लाल रंगाची रेघ मारून घेतली आहे. पाणी तिच्या खाली असेल तर पंप लावायचा नाही. फूट व्हॉल्व्ह उघडा पडून पंप हवा ओढतो, आवाज घोगरा न येता उलट हलका आणि मोकळा येतो, आणि वॉचमनला वाटतं पंप छान चाललाय. नव्या वॉचमनला हा फरक एकदा पंपाजवळ उभं करून ऐकवायचा.

आता अर्धवट प्रकरणं. तुझी खरी कसोटी इथे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जुन्या यादीत ‘302 ट्रान्सफर पेंडिंग’ एवढंच लिहिलेलं सापडेल. त्यातून काही कळत नाही. प्रकरण असं आहे. 302 चे सभासद वारले. नामनिर्देशनाच्या रजिस्टरमध्ये थोरल्या मुलाचं नाव आहे. त्याचा अर्ज आणि मृत्यूचा दाखला 4 ऑगस्टला आला, आवक क्रमांक अर्जावर आहे. त्यानंतर धाकट्या बहिणीचं रजिस्टर पोस्टाने पत्र आलं, की माझ्या संमतीशिवाय नाव चढवू नये. दोन्ही कागद एकाच फाइलमध्ये आहेत, पाकिटासकट. पाकीट टाकू नकोस, त्यावर टपालाचा शिक्का आहे.

कायद्यात 2019 ला झालेल्या बदलानंतर नामनिर्देशित माणसाला तात्पुरता सभासद करून घेता येतं. मृत्युपत्र, वारसा प्रमाणपत्र किंवा सगळ्या वारसांनी मिळून केलेला कौटुंबिक करार असं काही आलं की मग कायमचं नाव. म्हणजे अर्ज फेटाळायचाही नाही आणि मुलाला घराचा मालकही ठरवायचं नाही, सोसायटीला तो अधिकारच नाही. उपविधींप्रमाणे तीन महिन्यांत निर्णय कळवायचा असल्यामुळे ऑक्टोबरच्या कमिटी बैठकीत हा विषय घ्यावाच लागेल, नोव्हेंबरच्या बैठकीपर्यंत मुदत टळलेली असेल. ठराव झाला की मुलाला आणि बहिणीला दोघांनाही पत्र, पोच घेऊन. तोवर शेअर सर्टिफिकेटच्या मागे काही लिहायचं नाही, आणि बिलावरचं नाव मी बदललेलं नाही, तूही बदलू नकोस.

मुलगा भला आहे, पण घाईत आहे. एजंटला घेऊन ऑफिसात येईल आणि ‘विक्रीसाठी फक्त एक ना-हरकतीचं पत्र टाइप करून द्या, सही सेक्रेटरी करतील’ असं म्हणेल. टाइपसुद्धा करू नकोस. अर्ज लिहून द्या म्हण, आवक क्रमांक टाक आणि कमिटीपुढे ठेव.

दुसरं प्रकरण दिसायला क्षुल्लक आहे. कंत्राटदारांच्या बिलातून कापलेला टीडीएस पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत भरतो. तिमाहीचं विवरणपत्र 31 ऑक्टोबरला आहे, आणि त्या पोर्टलचा ओटीपी अजून माजी खजिनदारांच्या मोबाइलवर जातो. ते मुलाकडे परदेशी निघालेत. वीज बिल, मालमत्ता कर आणि बँकेचे मेसेज मी सोसायटीच्या ऑफिसच्या नंबरवर वळवले आहेत, हे एक राहिलं. ते निघायच्या आत त्यांना ऑफिसात बसवून नंबर बदलून घे. विवरणपत्राला उशीर झाला तर दिवसाला 200 रुपये लागतात, आणि दंड कोणी भरायचा यावर कमिटीत तासभर भांडण होतं ते वेगळंच.

जपून राहायच्या जागांमध्ये एकच नीट सांगतो, बाकीच्या यादीत आहेत. थकबाकीवरचं व्याज उपविधींप्रमाणे जास्तीत जास्त वर्षाला 21 टक्के, तेही सरळ. 12,000 थकले असतील तर महिन्याला 210, दुसऱ्या महिन्यातही 210 च. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये ‘मागील बाकी’वर व्याज लावायची खूण कोणी चुकून चालू केली, तर ते 12,210 वर व्याज काढतं आणि 213 रुपये 68 पैसे दाखवतं. इतक्या लहान फरकाकडे कोणी बघत नाही. दोन वर्षांनी तोच सभासद वकील घेऊन आला की सगळं खातं पुन्हा मांडावं लागतं. म्हणून बिलं छापण्याआधी जुन्या थकबाकीदाराचं एक खातं उघड. मुद्दल आणि व्याज वेगळ्या रकान्यांत असलं पाहिजे. नवीन बिल थकलेलं नसताना महिन्याचं व्याज मागच्यापेक्षा वाढलेलं दिसलं, तर छपाई थांबव.

सोमवारी अकराला ऑफिसात ये, आधी गच्चीच्या आणि मीटर रूमच्या चाव्या मोजून घेऊ. तीन जुड्या आहेत, एक लिफ्टवाल्या मेकॅनिककडे आहे आणि ती त्याने परत द्यायची आहे.

तुझा,
जुना मॅनेजर