४४एडीए: हातात पैसे येतात ते, आणि नफा असतो तो

"इंटिरियर डिझायनर आहे. वर्षाला ४० लाखांच्या आसपास जमा होते, जवळपास सगळी बँकेतून. सगळे म्हणतात ४४एडीए घे, हिशेबच ठेवावा लागत नाही. घेऊ का?"

आधी एक सांगा: त्या ४० लाखांत तुमची फी किती आणि प्लायवूड, सुतार, पीओपीवाला यांना दिलेले किती? सगळं उत्तर त्यावर आहे.

४४एडीए हे आयकर कायद्यातलं व्यावसायिकांसाठीचं कलम. त्यात एकूण जमेच्या निम्मा नफा गृहीत धरतात. बाकीच्या निम्म्यात भाडं, पगार, लॅपटॉपचा घसारा सगळं आलं. वेगळा खर्च दाखवता येत नाही. जमेची मर्यादा ५० लाख, आणि रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख. नुसतं डिझाइन करून फी घेणाऱ्याला हे फार सोयीचं आहे.

पण तुम्ही साहित्य-मजुरीसकट काम घेत असाल तर गणित उलटतं. अशाच एका डिझायनरचे कागद मी पाहिले. बिलं ४० लाखांची, त्यातले २८ लाख साहित्य आणि कारागिरांना गेलेले, ३ लाख ऑफिसचा खर्च. खरा नफा ९ लाख. योजनेनुसार मात्र २० लाख नफा धरला गेला. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत २० लाखांवर सेससकट २,०८,००० रुपये कर होतो. ९ लाखांवर सवलतीमुळे शून्य. न मिळालेल्या पैशावर दोन लाख भरायचे!

यातून बाहेर पडायचं तर पूर्ण जमाखर्च ठेवावा लागतो. शिवाय निम्म्यापेक्षा कमी नफा दाखवला आणि एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असलं, तर सीएकडून ऑडिट सक्तीचं. त्याची फी जाते, पण वरच्या उदाहरणात ती कराच्या मानाने किरकोळच असते. आणि सेवेची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटीसाठी बिलं सांभाळावीच लागतात, त्यामुळे "हिशेबच नाही" हे तुमच्या बाबतीत तसंही खरं नाही.

दुसरा मार्ग मला जास्त आवडतो. पुढच्या कामापासून साहित्याचं बिल थेट ग्राहकाच्या नावाने घ्या, सुतारालाही त्यानेच पैसे देऊ देत. करारातही तसंच लिहा, नुसतं कागदोपत्री नको. मग तुमची जमा म्हणजे फक्त फी, आणि तिथे ४४एडीए शोभतो.

दुकानदारांसाठीचं ४४एडी वेगळं. तिथे बँकेतून आलेल्या विक्रीवर ६ टक्के, रोखीवर ८ टक्के. कमिशन-दलालीवाल्यांना ते मिळतच नाही. एकदा घेऊन पाच वर्षांच्या आत सोडलं तर पुढची पाच वर्षं परत घेता येत नाही. ४४एडीएला ही अट नाही, दर वर्षी ठरवता येतं.

म्हणून फेब्रुवारीतच बँकेचं स्टेटमेंट काढा आणि कारागीर, साहित्य आणि ऑफिसखर्चाच्या नोंदींवर पेन्सिलने खूण करा. बेरीज जमेच्या निम्म्याच्या वर गेली तर योजना सोडा. कमी असेल तर १५ मार्चपर्यंत सगळा आगाऊ कर एकाच हप्त्यात भरा.