41 वर्षांच्या अंतराने काढलेले दोन फोटो: माणूस एकच आहे का?

प्रश्न: आमचे थोरले काका 1958 साली डिचोलीहून मुंबईला गेले, ते परतलेच नाहीत. तेव्हा ते 24 वर्षांचे होते. जाण्याआधी म्हापशाच्या स्टुडिओत काढलेला एकच फोटो घरात आहे. आता बेळगावच्या एका कुटुंबाकडे 1999 सालचा एका वृद्ध गृहस्थांचा फोटो मिळालाय. नाक, उजवा कान, उजवीकडचा भांग हुबेहूब तसेच! कपाळावरचा तीळ तेवढा जुन्या फोटोत दिसत नाही. घरात सगळ्यांची खात्री पटलीय. तुम्हाला काय वाटतं?

उत्तर: ताई, दोन्ही फोटो मी बराच वेळ पाहिले. फोंड्याला तीस वर्षं स्टुडिओ चालवला, त्यामुळे घरोघरचे जुने फोटो दुरुस्तीला माझ्याकडे येत आलेत. माझं मत आधीच सांगतो: या दोन फोटोंवरून हो म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही. का, ते तुम्हाला नीट कळावं म्हणून थोडं लांबण लावतो.

कानापासून सुरू करू. तो हुबेहूब तसाच दिसतोय, याचाच मला घोर वाटतो, कारण कान वयाबरोबर लांबतो. 1995 साली इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी तिशीपुढच्या 206 रुग्णांचे कान मोजले होते. हिशेब निघाला तो सरासरी वर्षाला 0.22 मिलिमीटर. तुमच्या 41 वर्षांना तो लावला तर साधारण 9 मिलिमीटर होतात. तरुणपणी सहा-सव्वासहा सेंटिमीटरचा कान पासष्टीला सात सेंटिमीटरच्या घरात जायला हवा. पाळी लोंबते, नाकाचं टोक खाली येतं, वरचा ओठ लांब आणि पातळ होतो. म्हणजे एकच माणूस असेल तर चेहऱ्याच्या मानाने कान मोठा दिसायला हवा होता. पण एवढ्यावरून ‘हे ते नव्हेत’ असंही म्हणू नका. ती सरासरी वेगवेगळ्या वयांची वेगवेगळी माणसं मोजून काढलेली आहे. एकाच माणसाचा कान चाळीस वर्षं कोणी मोजत बसलं नव्हतं. कोणाचा कान जास्त वाढतो, कोणाचा कमी.

लांबीपेक्षा कानाच्या आतल्या घड्या पाहणं बरं. कडेच्या आतली उभी उंच घडी, ती वर कशी फाटते, भोकापुढच्या उंचवट्याखालची खाच केवढी आहे, हा घाट पुष्कळसा टिकतो. पण तुमच्या जुन्या फोटोत काका तिरके बसलेत, एकच कान दिसतोय आणि त्यातला अर्धा सावलीत आहे. नव्या फोटोत चेहरा समोरून आहे. घड्या तुलनेला मिळतच नाहीत.

चेहरा म्हातारा होतो तेव्हा फक्त सुरकुत्या पडतात असं आपण धरून चालतो. खरं तर आतलं हाडसुद्धा बदलतं. डोळ्यांच्या खोबणी रुंदावतात, वरचा जबडा मागे सरतो, त्यामुळे नाकाचा आधार कमी होतो. दात पडले की जबड्याचं हाड झिजतं, हनुवटी वर आणि पुढे येते, चेहऱ्याचा खालचा तिसरा भाग आखूड होतो. कवळी घातली की त्यातला काही भाग परत लांब होतो. बेळगावच्या गृहस्थांना कवळी होती का, हे त्या घरी विचारा. ते कळल्याशिवाय हनुवटीवरून काहीच ठरवू नका.

‘दोन डोळ्यांमधलं अंतर बदलत नाही, तेवढं मोजा,’ असं कोणीतरी सुचवेल. मोठ्या माणसाच्या बाहुल्यांमधलं अंतर फारसं बदलत नाही, हे खरं. पण मान 20 अंश वळली की फोटोत ते सुमारे 6 टक्के कमी दिसतं, आणि नाकाची लांबी मात्र होती तेवढीच राहते. तिरक्या फोटोवर पट्टी ठेवून काढलेलं प्रमाण इथेच बिघडतं. त्यात कॅमेरा किती जवळ होता याचाही परिणाम होतो. जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान लहान दिसतात. स्टुडिओत आम्ही दोन-अडीच मीटरवरून काढायचो. 1999 चा फोटो घरात, बहुधा हातभर अंतरावरून काढलेला दिसतो.

आता तिळाबद्दल. त्या काळी निगेटिव्हवर कडक, अणकुचीदार शिसपेन्सिल फिरवून तीळ, डाग, डोळ्यांखालची वळी पुसून टाकणं हे रोजचं काम होतं. मी स्वतः ते शिकलो. निगेटिव्हवर तीळ पारदर्शक ठिपक्यासारखा दिसतो. त्यावर बारीक रेघांनी शिसं भरलं की प्रिंटमध्ये कातडी सपाट येते. प्रिंटवर हात फिरवून काही कळत नाही. निगेटिव्ह मिळाली आणि उजेडात तिरकी धरली तरच शिशाची चमक दिसते. म्हणजे जुन्या फोटोत तीळ नाही याचा अर्थ चेहऱ्यावर नव्हता, असा होत नाही.

शिवाय प्रिंट उलटी निघालेली असू शकते. काकांच्या कोटाचा वरचा खिसा फोटोत कुठल्या बाजूला आहे ते पाहा. पुरुषांच्या कोटाला तो डाव्या छातीवर असतो, म्हणजे आपल्याला उजव्या हाताला दिसायला हवा. तुमच्या फोटोत तो डाव्या हाताला दिसतोय. प्रिंट उलटी आहे. म्हणजे तुम्ही ‘उजवीकडे भांग’ आणि ‘उजवा कान’ जुळवत होता, ते दोन्ही मुळात डावे.

घरात सगळ्यांची खात्री पटलीय, हे तुमच्या दृष्टीने मोठं, पण मी त्याला फार वजन देणार नाही. अनोळखी चेहरा जुळवण्यात माणूस कच्चा असतो. 2011 मध्ये ब्रिटनमधल्या एका अभ्यासात दोन डच स्त्रियांचे मिळून 40 फोटो लोकांना गठ्ठे करायला दिले. त्यांना न ओळखणाऱ्यांनी साधारण सात-आठ गठ्ठे केले, ओळखणाऱ्यांनी दोनच. तुमच्यापैकी काकांना पाहिलेल्या एकट्या आत्याच आहेत, आणि त्यांनीही पाहिलं ते 24 वर्षांचं तोंड. शिवाय तुम्ही आधी ‘काकांचा फोटो मिळाला’ म्हणून सांगितलंत आणि मग दाखवलात.

एक गोष्ट मनाला लागून राहिलीय ती सांगतो. साखळीच्या एका घरच्यांनी असेच दोन फोटो आणले होते, 1955 आणि 1991 चे. नाक आणि भुवया इतक्या जुळत होत्या की मी ‘तेच’ म्हणालो. ते त्या माणसाचे धाकटे चुलतभाऊ निघाले, कागदपत्रांवरून कळलं. घराण्याचं नाक भावाभावांत, चुलत्या-पुतण्यांत उतरतं. आपल्याला त्या घराण्याची खूण दिसते आणि आपण ती माणसाची खूण समजतो. त्या घरी दोन दिवस पेढे वाटले गेले होते.

तर तुम्ही असं करा. बेळगावच्या फोटोसोबत त्याच वयाच्या पाच-सहा पुरुषांचे फोटो ठेवा, आणि हा फोटो न पाहिलेलं, काकांना ओळखणारं कोणी गावात उरलं असेल तर त्यांना काहीही न सांगता दाखवा. दरम्यान, काकांना लहानपणी कुठे टाके पडले होते का, ते आत्यांना विचारा; जखमेचा खोल व्रण सहसा जन्मभर राहतो.

बेळगावच्या गृहस्थांना मुलगा असेल आणि तो तयार असेल, तर त्याची आणि तुमच्या भावाची वाय गुणसूत्राची डीएनए तपासणी करा. जुळली नाही तर तो तुमच्या घराण्यातला नाही, हे जवळजवळ पक्कं. जुळली तर पुरुषांकडून चालत आलेलं घराणं एक आहे, इतकंच ठरतं. चुलतभावाच्या मुलाचीही जुळेलच. ते गृहस्थ काकाच होते का, हे मग कागदांवरून शोधावं लागेल: त्यांची जन्मतारीख, वडिलांचं नाव, मुंबईतली पहिली नोकरी. डिचोलीच्या नोंदणी कार्यालयात काकांची जन्मनोंद मिळते का पाहा, आणि नाही मिळाली तर पणजीच्या पुराभिलेख खात्यात चौकशी करा. जुन्या फोटोची प्रिंट मात्र मी सरळ करून, कानाचा भाग मोठा करून पाठवतो.