दीडशे दिवे, काचा आणि धूर: डिफर्ड की फॉरवर्ड?

प्रश्न: युनिटी यूआरपीमध्ये रात्रीच्या बाजारपेठेचा सीन करतोय. दीडशेच्या आसपास पॉइंट लाइट आहेत, दुकानांना मोठ्या काचा आहेत, वड्यांच्या गाड्यांवर धूर आहे. जास्त लाइट असतील तर डिफर्डच घ्या असं सगळीकडे वाचलं, पण डिफर्ड लावल्यावर काचा निस्तेज दिसतात. टार्गेट साधा गेमिंग लॅपटॉप, जमलं तर अँड्रॉइडही. काय घेऊ?

उत्तर: तुमच्या सीनसाठी `Forward+` घ्या. "जास्त लाइट म्हणजे डिफर्ड" हा सल्ला साध्या फॉरवर्डशी तुलना करून दिला जायचा, आणि त्या तुलनेत तो बरोबरच होता. तुमच्यापुढे मात्र तिसरा पर्याय आहे, आणि काचांमुळे तोच जास्त बसतो.

आधी लाइटचा हिशोब करू. 1920×1080 म्हणजे सुमारे 20 लाख 70 हजार पिक्सेल. साध्या फॉरवर्डमध्ये प्रत्येक वस्तू काढतानाच तिच्यावरचा प्रकाश मोजला जातो. वस्तू एकमेकींवर येऊन प्रत्येक पिक्सेल सरासरी तीनदा रंगवला गेला आणि प्रत्येक वेळी दीडशेही लाइट तपासले, तर एका फ्रेमला 93 कोटी वेळा प्रकाशाचं गणित होतं. हे परवडत नाही, म्हणून यूआरपीचा साधा `Forward` मुख्य लाइट सोडून एका वस्तूला जास्तीत जास्त 8 लाइट देतो. तुमचा रस्ता एकच मोठा मेश असेल तर दीडशेतले 8 लाइट त्याच्या वाट्याला येतात आणि बाकीचे दिवे रस्त्यावर पडतच नाहीत. कॅमेरा हलवला की रस्त्यावरचे प्रकाशाचे ठिपके एकदम उगवतात किंवा विझतात, किंवा दोन मेशच्या सांध्यावर उजेड सुरीने कापल्यासारखा तुटतो. असं दिसलं की ही मर्यादा लागली समजा.

डिफर्डमध्ये वस्तू काढताना प्रकाश मोजतच नाहीत. प्रत्येक पिक्सेलला जो पृष्ठभाग सर्वांत पुढे आहे त्याचा रंग, नॉर्मल, रफनेस वगैरे काही टेक्श्चरमध्ये लिहून ठेवतात (हाच जी-बफर) आणि मग एकेक लाइट घेऊन तो ज्या पिक्सेलपर्यंत पोचतो तेवढ्यांवरच त्याचं गणित करतात. बाजारपेठेतल्या दिव्यांची रेंज लहान असते. एका पिक्सेलवर सरासरी 8 दिवे पडतात असं धरलं, तर 93 कोटींचे 1 कोटी 66 लाख होतात. फरक प्रचंड आहे, म्हणूनच डिफर्डचा बोलबाला झाला.

आता तुमच्या दुकानाच्या काचेवरचा एक पिक्सेल घ्या. कॅमेऱ्यापासून 3 मीटरवर काच आहे, तिच्यामागे, कॅमेऱ्यापासून 6 मीटरवर, दुकानाची भिंत. डोळ्याला दोन्ही दिसायला हवेत: काचेवर दिव्याची चमक आणि तिच्यातून भिंत. पण जी-बफरमध्ये एका पिक्सेलला एकाच पृष्ठभागाची जागा आहे. काच लिहिली तर भिंत पुसली जाते. दोन्हींचं मिश्रण करावं, तर काचेची नॉर्मल आणि भिंतीची नॉर्मल मिळून जी दिशा येते त्या दिशेला तोंड केलेला पृष्ठभाग सीनमध्ये कुठेच नसतो, आणि डेप्थ 3 धरायची की 6 हेही ठरत नाही. रंग मिसळता येतात, पण ते प्रकाश मोजून झाल्यावर. डिफर्डमध्ये लिहायच्या वेळी प्रकाश मोजलेलाच नसतो.

म्हणून डिफर्ड वापरणारी इंजिनं पारदर्शक वस्तू बाजूला ठेवतात आणि अपारदर्शक सीन उजळून झाला की त्या मागून पुढे क्रमाने फॉरवर्डनेच काढतात. यूआरपीही तेच करतं. `Deferred` निवडलंत तरी काच फॉरवर्डनेच निघते आणि तिथे 8 लाइटची मर्यादा परत लागू होते. भिंतीला सगळे दिवे, तिच्यासमोरच्या काचेला मोजून आठ. काचा निस्तेज दिसण्यामागे बहुधा हेच आहे. खात्री करायची तर एका काचेजवळ 8 पेक्षा कमी लाइट ठेवून बाकीचे बंद करा. चमक परत आली तर कारण सापडलं. `Frame Debugger` उघडलात तर काचेचा ड्रॉ जी-बफरच्या टप्प्यात नसून नंतरच्या पारदर्शक टप्प्यात दिसेल.

93 कोटींचे दीड-पावणेदोन कोटी झाले ते मुख्यतः "या पिक्सेलला कोणते लाइट लागू आहेत" हे आधी ठरवल्यामुळे, आणि ते ठरवायला जी-बफर लागतोच असं नाही. `Forward+` ज्या क्लस्टर्ड फॉरवर्डच्या कल्पनेवर चालतं, तिच्यात कॅमेऱ्यासमोरची जागा लहान खोक्यांत विभागतात आणि प्रत्येक खोक्यात पोचणाऱ्या लाइटची यादी फ्रेमच्या सुरुवातीला तयार करतात. शेडर फक्त आपल्या खोक्याची यादी वाचतो:

```hlsl
uint2 r = clusterRange[ClusterIndex(pos)];
for (uint i = 0; i < r.y; i++)
    color += Shade(surface, lights[lightList[r.x + i]]);
```

भिंतीचा पिक्सेल 6 मीटरवरच्या खोक्याची यादी वाचतो, काचेचा 3 मीटरवरच्या. लूप तोच, लाइट तेच. आधी फक्त डेप्थ काढून घेतली (`Depth Priming`) तर झाकलेल्या पिक्सेलचं गणितही वाचतं आणि आकडा डिफर्डच्या जवळ येतो.

खोके खोलीच्या दिशेनेही कापलेले असणं इथे फार महत्त्वाचं आहे. कुणी स्वतः टाइल-आधारित कलिंग लिहिलं आणि प्रत्येक टाइलची हद्द अपारदर्शक वस्तूंच्या डेप्थवरून ठरवली, तर भिंतीच्या आसपासचेच लाइट यादीत राहतात. काचेजवळचा, पण भिंतीपर्यंत न पोचणारा दिवा गळतो आणि काच काळी पडते. पारदर्शक वस्तूंसाठी हद्द कॅमेऱ्यापर्यंत पुढे आणावी लागते.

धुराचा प्रश्न वेगळा आहे. तिथे एका पिक्सेलवर वीस-वीस थर येतात, आणि प्रत्येक थराला 8 लाइट म्हणजे 160 गणितं. कोणताही मार्ग घेतलात तरी हा खर्च वाचत नाही. धुराला पिक्सेलऐवजी व्हर्टेक्सवर प्रकाश द्या. धूर मऊच असतो, फरक कळत नाही. सावल्यांचंही तसंच: एका पॉइंट लाइटच्या सावलीसाठी सहा बाजूंनी सीन काढावा लागतो, दीडशेसाठी 900 वेळा. जवळचे चार-पाच दिवे सोडून बाकीच्यांच्या सावल्या बंदच ठेवा.

मेमरीचंही बघा. चार टेक्श्चर 4-4 बाइटची आणि डेप्थ 4 बाइट धरली, तर 1080पीला जी-बफर सुमारे 41 एमबी होतो. तो दर फ्रेमला लिहायचा आणि परत वाचायचा. लॅपटॉपला हे जड नाही. फोनला मात्र बँडविड्थ हीच पहिली अडचण असते, जी-बफर चिपवरच्या मेमरीत राहिला नाही तर फोन तापतो. तारा, जाळ्या, पताका यांच्या कडा गुळगुळीत करायला 4x एमएसएए हवं असेल तर फॉरवर्डमध्ये ते सरळ मिळतं. जी-बफरला लावायचं तर 41 चे 166 एमबी होतात, आणि यूआरपीच्या डिफर्डमध्ये एमएसएए चालतच नाही.

`Forward+` ची मर्यादाही लक्षात ठेवा. एका वेळी कॅमेऱ्याला दिसणारे लाइट डेस्कटॉपवर 256, मोबाइलवर 32. लॅपटॉपवर तुमचे दीडशे आरामात बसतात. अँड्रॉइडसाठी लांबचे दिवे बेक करा किंवा नुसते चमकणारे मटेरियल म्हणून ठेवा.

हाच सीन काचा-धुराविना, फक्त पीसीसाठी, भिंतींवर डिकल्सचा मारा आणि जड मटेरियल असलेला असता, तर मी डिफर्डच सुचवलं असतं. लहान त्रिकोणांची गर्दी असली की त्यांच्या कडांवर फॉरवर्डचा जड शेडर नको तितक्या वेळा चालतो. डिफर्डमध्ये त्या टप्प्यात फक्त लिहिण्याचं काम असतं.

बदल करताना आधी सगळे लाइट बंद करून फ्रेमचा जीपीयू वेळ टिपा, मग चालू करून. फरक थोडाच निघाला तर तुमचा खर्च लाइटमध्ये नाहीच, आणि मार्ग बदलून हाती काही लागणार नाही. फरक मोठा निघाला तर लाइटची रेंज निम्मी करून परत बघा. तेवढ्यानेच वेळ उतरला, तर एका पिक्सेलवर पडणारे दिवे कमी करणं हेच पहिलं काम.